400 कोटी डॉलर होते कुठे? मीम कॉइन आणि रिकामा होणारा हौद

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न घेतले आहेत.)

विषयाकडे वळण्याआधी एक छोटी गोष्ट सांगतो. मागच्या वर्षी ओळखीतला एक मुलगा माझ्याकडे आला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याने फोन पुढे केला आणि म्हणाला, "सर, हे बघा, इथे सहा लाख दिसतायत." मी बघितलं, खरंच दिसत होते. म्हटलं, "मग अडचण काय?" तर म्हणाला, "विकता येत नाहीत. विकायला गेलो की बारा रुपये मिळतील म्हणतं." (हशा) हसू आपल्याला येतंय, त्याला येत नव्हतं. चाळीस हजार घातले होते त्याने. पण त्याचा प्रश्न अगदी योग्य होता. तो म्हणाला, "सर, किंमत तर पडलेली नाही. मग पैसे गेले कुठे?"

आजचं व्याख्यान म्हणजे त्या एका प्रश्नाचं उत्तर. किंमत दिसते आहे आणि पैसे नाहीत, हे घडतं कसं? इंग्रजीत याला 'रग पुल' म्हणतात. पायाखालचं जाजम ओढून घेणं. पण जाजम म्हणजे नेमकं काय, ते कोणाच्या हातात असतं आणि ओढताना कोणाला दिसत का नाही, हे बहुतेक ठिकाणी सांगितलं जात नाही. "फसवणूक झाली, सावध राहा" एवढ्यावर बातमी संपते.

त्यासाठी आपण एकच प्रकरण घेऊ. हे प्रकरण अर्जेंटिनाचं आहे. तारीख 14 फेब्रुवारी 2025, शुक्रवार. तिथे संध्याकाळचे सात वाजले होते, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची पहाट, साडेतीनचा सुमार. त्या वेळी अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष हाविएर मिलेई यांनी एक्सवर एक पोस्ट टाकली. देशातल्या छोट्या उद्योगांना आणि नवउद्योगांना निधी मिळवून देणारा एक खासगी प्रकल्प आहे, असं त्यात म्हटलं होतं. सोबत एका नाण्याचं नाव होतं, लिब्रा. आणि त्या नाण्याचा पत्ता होता, सोलाना नावाच्या ब्लॉकचेनवरचा. हा पत्ता म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ असते.

ही ओळ पोस्टमध्ये असणं फार महत्त्वाचं होतं. सोलानावर नाणं काढायला पाच मिनिटं लागतात आणि अगदी थोडा खर्च येतो. एकाच नावाची शंभर नाणी निघू शकतात, निघतातही. "लिब्रा नावाचं नाणं आलंय" एवढंच कळलं तर लोक बुचकळ्यात पडतात की यातलं खरं कोणतं. पत्ता दिला की ती शंका संपते. पोस्ट वाचणारा माणूस ती ओळ कॉपी करतो, आपल्या वॉलेटमध्ये टाकतो आणि वीस सेकंदांत विकत घेतो. प्रसिद्ध माणसाचा उपयोग इथे विश्वास देण्यापुरता नसतो. हजारो अनोळखी माणसांना एकाच मिनिटात एकाच दारावर उभं करणं, हे काम तो करतो. थोड्या वेळाने लक्षात येईल की या धंद्यात गर्दी एकाच वेळी येणं का गरजेचं आहे.

मग काय झालं? तासाभराच्या आत नाण्याची किंमत चार डॉलरच्या वर गेली. एकूण नाणी 100 कोटी. त्यामुळे "बाजारमूल्य 400 कोटी डॉलरच्या वर" अशा बातम्या आल्या. आणि मग काही तासांत किंमत नव्वद टक्क्यांहून जास्त घसरली. मध्यरात्र उलटल्यावर मिलेई यांनी पोस्ट काढून टाकली. या प्रकल्पाचे तपशील आपल्याला माहीत नव्हते, माहीत झाल्यावर प्रसार थांबवला, असं त्यांचं म्हणणं.

आता मला सांगा, हे 400 कोटी डॉलर कुठे होते? कोणाच्या खात्यात? कोणत्या बँकेत? कुठेच नव्हते. हे समजण्यासाठी आधी 'पूल' समजून घ्यावा लागेल. आपला नदीवरचा पूल नव्हे. इंग्रजी 'पूल', म्हणजे हौद. मी हौदच म्हणेन, घोटाळा नको.

शेअर बाजारात तुम्ही शेअर विकता तेव्हा समोर कोणीतरी घेणारा असतो. सौदा दोन माणसांत होतो. नव्या मीम कॉइनला असा घेणारा-विकणारा बाजार नसतो. कोणतंही मोठं एक्स्चेंज पहिल्या दिवशी त्याला जवळ करत नाही. मग नाणं काढणारा एक हौद भरतो. हौदाचे दोन कप्पे. एका कप्प्यात त्याचं स्वतःचं नवं नाणं, दुसऱ्यात खरा पैसा. खरा पैसा म्हणजे यूएसडीसी, ज्याचं एक नाणं म्हणजे एक डॉलर, किंवा सोलानाचं स्वतःचं नाणं सोल. तुम्ही नाणं विकत घेता म्हणजे हौदात डॉलर टाकता आणि नाणी काढता. विकता म्हणजे नाणी टाकता आणि डॉलर काढता. समोर माणूस नाही, फक्त हौद आहे. आणि किंमत ठरवणारं एक साधं सूत्र आहे:

x × y = k

x म्हणजे हौदातली नाणी, y म्हणजे हौदातले डॉलर. दोघांचा गुणाकार कायम राहिला पाहिजे. नाणी कमी झाली की डॉलर वाढलेच पाहिजेत. आणि डॉलर भागिले नाणी, ही झाली किंमत. बस, एवढंच.

आकडे घालून बघू. वही-पेन असेल तर लिहून घ्या, सोपं आहे. मी एक नाणं काढलं. एकूण एक कोटी नाणी. त्यातली 90 लाख माझ्या खिशात ठेवली, 10 लाख हौदात टाकली. सोबत माझ्या पदरचे 10 हजार डॉलर टाकले. किंमत झाली एक सेंट, म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग. गुणाकार, 10 लाख गुणिले 10 हजार, म्हणजे एक हजार कोटी. हा आकडा बदलायचा नाही.

आता कोणा मोठ्या माणसाने पोस्ट टाकली. गर्दी आली आणि लोकांनी मिळून 90 हजार डॉलर टाकले. हौदात डॉलर झाले एक लाख. मग नाणी किती उरली पाहिजेत? गुणाकार कायम राहायचा, म्हणून एक लाख. म्हणजे लोकांनी 9 लाख नाणी बाहेर नेली. आणि नवी किंमत? एक लाख डॉलर भागिले एक लाख नाणी, म्हणजे एक डॉलर. किंमत शंभर पट झाली!

इथे जरा थांबू. एकूण एक कोटी नाणी, किंमत एक डॉलर. वेबसाइट लगेच दाखवणार, "मार्केट कॅप एक कोटी डॉलर." आणि हौदात खरे डॉलर किती? एक लाख. लोकांच्या हातात 9 लाख नाणी आहेत, कागदावर 9 लाख डॉलरची. ती सगळी आज विकली, कोणीही लबाडी केली नाही, तरी हौदातून बाहेर येणार ते 90 हजारच. जे गेले तेच येणार. पहिला विकणारा जास्त नेईल, शेवटच्याला पैसे सुटे करायची वेळ येईल. (हशा) म्हणजे फसवणूक व्हायच्या आधीच तो मोठा आकडा हवेतला असतो. शेवटच्या सौद्याची किंमत एकूण नाण्यांनी गुणलेली, एवढाच त्याचा अर्थ. लिब्राचे 400 कोटी हेच होते.

आता जाजम ओढू. हौद भरणाऱ्याला एक पावती मिळते, तिला एलपी टोकन म्हणतात. गोदामात माल ठेवल्यावर मिळते तशी. पावती दाखवा आणि हौदात जे असेल ते तुमच्या वाट्याप्रमाणे घेऊन जा. हौद मी एकट्याने भरलाय, त्यामुळे सगळं माझं. मी पावती फाडली आणि एक लाख डॉलर अन् एक लाख नाणी घेऊन निघालो. घातले होते 10 हजार, मिळाले एक लाख. लोकांचे 90 हजार माझ्या खिशात.

आणि आता त्या मुलाचा प्रश्न. मी हे केलं तेव्हा किंमत किती पडली? अजिबात पडली नाही. कारण मी विकलं काहीच नाही, दोन्ही कप्पे सारख्याच प्रमाणात उपसले. किंमत म्हणजे दोन कप्प्यांचं गुणोत्तर, ते तसंच राहिलं. आलेखावर रेषा सपाट. व्यवहारांच्या यादीत लाल रंगाची विक्री नाही. तळाशी पाच-पन्नास डॉलर सोडले असतील तर फोनवर किंमत एक डॉलरच दिसत राहते. मग कोणीतरी पहिला माणूस विकायला जातो, उथळ झालेल्या हौदात त्याची नाणी पडतात, आणि एका सौद्यात किंमत तळाला. किंवा आमच्या त्या मुलासारखं, कोणीच विकत नाही म्हणून सहा लाख दिसत राहतात.

यावर लोकांनी उपाय शोधला. पावतीच बांधून ठेवा. 'लिक्विडिटी लॉक्ड' असं लिहिलेलं असतं, म्हणजे पावती ठरावीक मुदतीसाठी कुलपात. किंवा 'बर्न', म्हणजे पावती जाळून टाकली, आता हौद कोणालाच उपसता येणार नाही. पंप डॉट फन नावाची मीम कॉइन काढायची जी मोठी जागा आहे, तिथे नाणं पुढच्या टप्प्यावर गेलं की हे जाळणं आपोआप होतं. पुष्कळ जण एवढं बघून निर्धास्त होतात. चांगला उपाय आहे, नाही असं नाही. पण माझ्या खिशातली ती 90 लाख नाणी विसरू नका.

समजा पावती खरोखर जाळली. हौदात एक लाख नाणी आणि एक लाख डॉलर. मी खिशातली 90 लाख नाणी हौदात ओतली. नाणी झाली 91 लाख. गुणाकार कायम ठेवायचा तर डॉलर किती उरले पाहिजेत? एक हजार कोटी भागिले 91 लाख, म्हणजे सुमारे 1,099. बाकीचे जवळजवळ 98 हजार 900 डॉलर माझे. हौदाला कुलूप होतं, किल्ली जाळली होती, तरी पाणी गेलंच. फरक एवढाच की या वेळी आलेखावर मोठी लाल रेघ उमटली आणि सगळ्यांना दिसलं.

आणि मी थोडा हुशार असेन तर ती 90 लाख नाणी एका वॉलेटमध्ये ठेवणारच नाही. शंभर वॉलेटमध्ये वाटेन. नाणं निघालं त्याच सेकंदाला त्या शंभर वॉलेटनी "विकत घेतली" असं दिसेल. पाहणाऱ्याला वाटेल, वा, शंभर गुंतवणूकदार.

आता परत लिब्राकडे. तिथे वापरलेली पद्धत याच्याही एक पाऊल पुढची होती, आणि मला ती समजून घेण्यासारखी वाटते. लिब्राचे हौद मीटिओरा नावाच्या व्यासपीठावर होते. तिथे साध्या हौदाऐवजी कप्पे-कप्पे असलेला हौद बनवता येतो. एकेका किमतीचा एकेक कप्पा. जिना डोळ्यासमोर आणा. आणि यात एक सोय अशी आहे की फक्त एका बाजूचा माल टाकून जिना भरता येतो. म्हणजे डॉलर एकही घालायचा नाही, फक्त स्वतःचं नाणं पायऱ्यापायऱ्यांवर मांडून ठेवायचं.

बघा हं. मी दहा पायऱ्या केल्या. पहिलीवर एक लाख नाणी, दर दहा सेंट. दुसरीवर एक लाख, दर वीस सेंट. असं करत दहावीला एक डॉलर. माझे घातलेले पैसे शून्य. पोस्ट आली, गर्दी आली. लोकांनी पहिल्या पाच पायऱ्यांवरची नाणी उचलली. त्या पायऱ्यांवर आता नाण्यांच्या जागी डॉलर आहेत: 10 हजार, 20 हजार, 30 हजार, 40 हजार, 50 हजार. एकूण दीड लाख. कोणाला विकायचं असेल तर त्याने या पायऱ्यांवर उतरत यायचं आणि तिथले डॉलर घ्यायचे. म्हणजे लोकांना परतीची वाट आहे ती लोकांनीच ठेवलेल्या पैशांची. आणि त्या पायऱ्यांचा मालक मी. मी त्या पाच पायऱ्या काढून घेतल्या. झालं. वर जायचा जिना अजून आहे, घेणाऱ्यांसाठी सहावी, सातवी पायरी मांडलेली आहे. खाली उतरायला मात्र काही नाही.

पहिल्या पद्धतीत मला निदान 10 हजार घालावे लागले होते. इथे तेही नाहीत. "लिक्विडिटी टाकली" असं म्हणायचं आणि टाकायचं काय, तर स्वतः छापलेलं नाणं. आता गर्दी एकाच वेळी का हवी तेही लक्षात येईल. लोक सावकाश आले तर काही घेतील, काही विकतील, पायऱ्यांवर डॉलर साठणारच नाहीत. सगळे एकदम घ्यायला धावले तरच खालच्या पायऱ्या भरतात आणि मालकाला उपसायला वेळ मिळतो.

ब्लॉकचेन सार्वजनिक असल्यामुळे लिब्राचं हे उपसणं लोकांनी जवळजवळ डोळ्यांदेखत मोजलं. लुकऑनचेन नावाचं ऑनचेन विश्लेषण करणारं खातं आहे. त्यांनी नाण्याशी जोडलेली आठ वॉलेट दाखवली. त्यांतून 5 कोटी 76 लाख यूएसडीसी आणि सुमारे अडीच लाख सोल बाहेर गेले होते. दोन्ही मिळून तेव्हाच्या भावाने 10 कोटी 70 लाख डॉलर. कसे गेले? तीन वाटांनी: लिक्विडिटी टाकून, ती काढून घेऊन, आणि हौदाच्या मालकाला प्रत्येक सौद्यावर मिळणारं शुल्क गोळा करून. म्हणजे लोक घाबरून विकत होते तेव्हाही मालकाला कमिशन मिळत होतं. आणि बबलमॅप्स या दुसऱ्या संस्थेने दाखवलं की एकूण नाण्यांपैकी 82 टक्के नाणी एकमेकांशी जोडलेल्या वॉलेटच्या एकाच झुबक्यात होती.

नॅनसेन नावाच्या कंपनीने नंतर दुसऱ्या बाजूने हिशेब केला. एक हजार डॉलरहून जास्त नफा किंवा तोटा झालेली वॉलेट त्यांनी पाहिली, पंधरा हजारांहून थोडी जास्त. त्यांतली 86 टक्के तोट्यात होती, एकूण तोटा 25 कोटी 10 लाख डॉलर. आता कोणी विचारेल, मालकांनी नेले 10 कोटी 70 लाख, मग बाकीचे? ते इतर विकणाऱ्यांकडे गेले. त्यात एक जमात असते 'स्नायपर' नावाची. प्रोग्राम लावून बसलेले, नाणं निघाल्याच्या पहिल्या काही सेकंदांत घेणारे. काही जण नुसते चपळ असतात. काहींना पत्ता आधीच कळलेला असतो. बाहेरून या दोघांत फरक करणं फार कठीण.

या नाण्यामागचा एक माणूस मात्र गायब झाला नाही, हे लिब्राचं वेगळेपण. हेडन डेव्हिस, केल्सिअर व्हेंचर्स या कंपनीचा. सहसा हे लोक टेलिग्रामचा ग्रुप बंद करतात आणि संपलं. हा कॅमेऱ्यासमोर येऊन बोलला. सुमारे दहा कोटी डॉलर आपल्या ताब्यात आहेत, पण ते आपले नाहीत, आपण फक्त राखणदार आहोत, ही रग पुल नव्हे, फसलेली योजना आहे, असं त्याचं म्हणणं. डेव्ह पोर्टनॉय नावाचा अमेरिकेतला प्रसिद्ध माणूस यात बुडाला होता. त्याला 50 लाख डॉलर परत मिळाले, हे त्याने स्वतः जाहीर सांगितलं. बाकीच्या हजारोंना कोणी फोन केला नाही. राखणदार कोणाचा, हा प्रश्न मला तिथे पडतो.

मिलेई यांच्याबद्दल म्हणाल तर अर्जेंटिनाच्या भ्रष्टाचारविरोधी कार्यालयाने जून 2025 मध्ये ठरवलं की ती पोस्ट वैयक्तिक होती, आचारसंहितेचा भंग नाही. तिथल्या काँग्रेसमध्ये मात्र चौकशीची मागणी चालूच राहिली. मला राजकारणात शिरायचं नाही. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच की, प्रसिद्धी देणाऱ्याला हौदाची पावती कोणाकडे आहे हे माहीत असेलच असं नाही. त्याचा प्रामाणिकपणा तपासून तुम्हाला हौदाबद्दल काहीच कळत नाही.

मग कळतं कशाने? डेक्सस्क्रीनरसारख्या साइटवर नाण्याच्या पानावर दोन आकडे शेजारी असतात, `Liquidity` आणि `Mkt Cap`. बहुतेक जण दुसरा बघतात. पहिला बघा. आपल्या उदाहरणात मार्केट कॅप एक कोटी, आणि लिक्विडिटी दोन लाख दिसेल. दोन का, हौदात तर एकच लाख डॉलर होते ना? कारण तो आकडा दोन्ही कप्पे मोजतो, नाण्याचा कप्पासुद्धा, त्या नाण्याच्याच भावाने. म्हणजे साध्या हौदात खरा पैसा दिसतो त्याच्या निम्मा. आणि जिन्याच्या पद्धतीत तर सुरुवातीला दिसणारी जवळजवळ सगळी लिक्विडिटी म्हणजे ते नाणंच असू शकतं. म्हणून हौदाच्या आत जाऊन यूएसडीसी किंवा सोल किती आहेत तो एकच आकडा वाचायचा. सोलस्कॅनवर हौदाचं खातं उघडलं की दिसतो.

मग हौदात माल टाकणारं वॉलेट कोणतं, आणि ते एकटंच आहे का, हे बघायचं. लिब्रामध्ये हे पहिल्या मिनिटाला दिसत होतं. पण खरं सांगू का, त्या पहिल्या मिनिटाला हे कोणी बघत नाही. बघायला पाच मिनिटं लागतात आणि पाच मिनिटांत भाव दुप्पट होतो. हा सगळा व्यवहार त्या पाच मिनिटांवरच बेतलेला आहे. शिवाय तपासणीलाही मर्यादा आहे. शंभर वॉलेटचा मालक एकच आहे हे पैशांचा माग काढून कधी कधी कळतं, पण पैसे एखाद्या एक्स्चेंजमधून फिरवून आणले असतील तर माग तिथे तुटतो.

(इथे वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली.) बरं, प्रश्न घेऊ.

प्रश्न: आधी थोडंसं विकून बघितलं तर? विकलं गेलं म्हणजे ठीक आहे असं समजायचं का?

त्याने एक वेगळी लबाडी पकडली जाते. 2021 मध्ये स्क्विड नावाचं नाणं आलं होतं, नेटफ्लिक्सच्या 'स्क्विड गेम' मालिकेच्या नावावर, पण मालिकेशी काही संबंध नसलेलं. त्याच्या कोडमध्येच मेख होती. घेता यायचं, विकता यायचं नाही. त्यामुळे भाव फक्त वर जायचा. 1 नोव्हेंबरला 2,800 डॉलरच्या वर गेला आणि काही मिनिटांत शून्याजवळ आला. काढणारे तीसेक लाख डॉलर घेऊन गेले. तिथे थोडं विकून बघणाऱ्याला लगेच कळलं असतं. पण लिब्रात विक्री चालूच होती. हौद उपसला जाईपर्यंत सगळं व्यवस्थित चालतं. उंदीर सापळ्यात शिरतो तेव्हा दार उघडंच असतं ना? तसं.

प्रश्न: सगळं ब्लॉकचेनवर दिसतं म्हणता, मग पैसे परत का मिळत नाहीत?

दिसणं वेगळं आणि हात लावता येणं वेगळं. लिब्राचंच घ्या. बाहेर गेलेल्या पैशांत दोन प्रकार होते. यूएसडीसी हे सर्कल नावाच्या कंपनीचं नाणं, ती कंपनी एखादा पत्ता गोठवू शकते. मे 2025 मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाच्या आदेशाने ते 5 कोटी 76 लाख गोठवले गेले. सोल मात्र कोणा कंपनीचं नाही, ते गोठवायला कोणाकडे जाणार? आणि गोठवलेलेही टिकले नाहीत. ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी ती बंदी उठवली, कारण खटला संपेपर्यंत भरून न येणारं नुकसान होईल हे फिर्यादींना दाखवता आलं नाही. त्यात आणखी एक गोष्ट. फेब्रुवारी 2025 च्या शेवटी अमेरिकेच्या एसईसीच्या अधिकाऱ्यांनी भूमिका जाहीर केली की मीम कॉइन हे सर्वसाधारणपणे सिक्युरिटी नाही. म्हणजे शेअरबाबतचे प्रकटीकरणाचे नियम लागू नाहीत. फसवणुकीचे कायदे लागू राहतात, पण त्यात फसवण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो, आणि "योजना फसली" हे उत्तर तयार असतं.

आपल्याकडे घडलं तर 1930 वर फोन करा, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवा, व्यवहाराचा हॅश जपून ठेवा. आणि दोन दिवसांनी "तुमचे पैसे काढून देतो, आधी फी भरा" असा मेसेज आला, तर तो दुसऱ्या टोळीचा असतो. बुडालेल्यांची यादी विकली जाते.

प्रश्न: तोटा झाला तर टॅक्समध्ये दाखवता येतो का?

नाही. 2022 पासून आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर आहे, वर 4 टक्के उपकर. एका नाण्याचा तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातूनही वजा करता येत नाही, पगारातून तर नाहीच. आणि एक बारीक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. सोल देऊन मीम कॉइन घेतलं, तर ते सोल तुम्ही विकलं असं धरलं जातं. माझ्याकडे आलेल्या त्या मुलाचं तेच झालं होतं. त्याने 40 हजारांचं सोल घेऊन ठेवलं होतं. मीम कॉइन घेतलं त्या दिवशी त्या सोलची किंमत 52 हजार होती. म्हणजे कायद्याच्या नजरेत त्याला 12 हजारांचा नफा झाला. मीम कॉइन शून्य झालं, पण तो नफा कागदावर राहिला. कर आणि उपकर मिळून 3,744 रुपये. मी हिशेब करून दिला, त्याने वडिलांना न सांगता ट्यूशनच्या पैशांतून भरले.